पाकिटावर नाव छापण्याआधी



बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि मग ते सगळ्यांना कळतं. त्याच गल्लीत त्याच नावाची आणखी दोन बाळं असली तरी कुणाचं काही बिघडत नाही. धंद्याच्या नावाचं मात्र तसं नसतं. एकाच नावाचे दोन मसाले एका बाजारात आले, तर गिऱ्हाईक फसतं, नाहीतर आपण तरी अडचणीत येतो. म्हणून आज आपण धंद्याच्या नावाबद्दल बोलणार आहोत. ते कसं निवडायचं, आधीच कुणी घेतलं आहे का हे कसं तपासायचं, आणि ट्रेडमार्क म्हणजे काय, हे पाहू.

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करू. आमच्या कार्यक्रमाला येणाऱ्या बऱ्याच मैत्रिणी सांगतात, "ताई, आमचं नाव रजिस्टर आहे." कुठं, असं विचारलं की पिशवीतून उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र निघतं, कधी गुमास्त्याची पावती, कधी अन्न परवाना. हे तिन्ही कागद गरजेचे आहेत, पण यातला एकही कागद ते नाव तुमचं करत नाही. उद्यम नोंदणी सांगते की तुमचा लहान उद्योग आहे. गुमास्ता सांगतो की तुमचं दुकान आहे. अन्न परवाना सांगतो की खाण्याचा पदार्थ कोण, कुठं बनवतं. "अन्नपूर्णा गृहउद्योग" या नावानं कितीही जणी उद्यम नोंदणी करू शकतात, आणि ते कार्यालय कुणालाही अडवत नाही, कारण ते त्याचं कामच नाही. नावावर हक्क दोनच गोष्टींनी येतो. एक म्हणजे त्या नावानं आधीपासून, सातत्यानं माल विकणं. दुसरी म्हणजे ट्रेडमार्कची नोंदणी. बाकीचे कागद या दोन्हींना पुरावा म्हणून उपयोगी पडतात, एवढंच.

हे उशिरा कळलं तर नुकसान कुठं होतं, तेही पाहू. छापील पाकीट करायचं म्हटलं की छापखाना प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलिंडर बनवतो आणि त्याचे पैसे आधी घेतो. शिवाय पाकिटं हजारांच्या हिशेबानंच छापावी लागतात. ती घरात येऊन पडल्यावर वकिलाची नोटीस आली, की सिलिंडरही गेले आणि पाकिटंही गेली. त्याहून मोठं नुकसान म्हणजे दोन वर्षं ज्या नावानं गिऱ्हाईक जोडलं, ते नावच बदलावं लागतं.

कुठलं नाव आपलं होऊ शकतं?

एक उदाहरण घेऊन चालू. समजा, कराडजवळच्या एका गावात दहा जणींचा बचतगट आहे. त्या कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि आंब्याचं लोणचं करतात. आतापर्यंत माल ओळखीत आणि आठवडी बाजारात जात होता. आता दुकानांतून मागणी आली आहे, म्हणून नाव हवं. बैठकीत चार नावं निघाली: "घरगुती कांदा-लसूण मसाला", "सातारी मसाला", "अन्नपूर्णा" आणि "दहाचुली". ही चारही नावं कायद्याच्या चाळणीतून गाळून बघू.

"घरगुती कांदा-लसूण मसाला" हे नाव नसून मालाचं वर्णन आहे. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ९ असं सांगतं, की जो शब्द नुसता मालाचा प्रकार, गुण, प्रमाण किंवा उपयोग सांगतो, त्याची नोंदणी होत नाही. यामागचा विचार साधा आहे. उद्या दुसऱ्या गावातली बाई कांदा-लसूण मसाला करणार आणि तिला तो "घरगुती" म्हणायचा असणार. तो शब्द एकीच्या ताब्यात गेला, तर दुसरीनं आपल्या मालाला म्हणायचं काय? म्हणून "शुद्ध", "चविष्ट", "अस्सल", "गावरान", "ताजं" असे शब्द सगळ्यांचे राहतात. पाकिटावर खाली ते खुशाल लिहा, पण नाव म्हणून त्यांच्यावर भिस्त ठेवू नका.

"सातारी मसाला" यालाही तेच कलम लागतं, कारण माल कुठला आहे एवढंच तो शब्द सांगतो. गावाचं, जिल्ह्याचं नाव एकट्या धंद्याला सहसा मिळत नाही. त्यातच आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. कोल्हापूरचा गूळ, भिवापूरची मिरची, सांगलीची हळद अशा काही मालांना भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते नाव त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं मिळून असतं. दुसरीकडच्या हळदीला "सांगलीची हळद" म्हणून विकलं, तर तो वेगळ्या कायद्याचा भंग होतो.

तिसरं नाव "अन्नपूर्णा". हे नाव सगळ्यांना आवडतं आणि त्याची अडचणही तीच आहे. या नावाच्या खानावळी गावोगावी आहेत, आणि एका मोठ्या कंपनीनं या नावानं पीठ आणि मीठ देशभर विकलेलं आहे. म्हणजे खाण्याच्या मालात हे नाव रिकामं नाही. देवदेवतांच्या आणि धर्मग्रंथांच्या नावांबद्दल एक निकालही माहीत असावा. "रामायण" या नावानं अगरबत्ती विकणाऱ्या एका व्यापाऱ्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २०१५ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की धर्मग्रंथाच्या नुसत्या नावावर कुणा एकाला मालकी सांगता येणार नाही. त्याला दुसरा शब्द जोडून वेगळेपण आणलं तर गोष्ट वेगळी. देवाचं नाव लाभतं अशी आपली श्रद्धा असते आणि त्यावर आमचं काही म्हणणं नाही. पण जे नाव शेकडो जण वापरतात, ते शेजारच्या तालुक्यात कुणी लावलं तर त्याला अडवणं फार कठीण जातं.

चौथं नाव "दहाचुली". हा शब्द मसाल्याचं वर्णन करत नाही, गावाचं नाव सांगत नाही आणि देवाचंही नाही. पण ऐकलं की दहा घरच्या चुली डोळ्यांसमोर येतात आणि गटाची गोष्टही त्यात येते. अशी नावं कायद्याच्या दृष्टीनं भक्कम असतात. मालाचं वर्णन न करता त्याची नुसती चाहूल देणारा शब्द, मालाशी काही संबंध नसलेला शब्द, किंवा नवाच घडवलेला शब्द, यांच्यावर हक्क सांगणं सोपं जातं. एक खूण सांगतो. नाव ऐकल्याबरोबर आत काय आहे ते कळलं, तर नाव कच्चं समजा. "हे काय बरं असेल?" असा प्रश्न पडला आणि उत्तर कळल्यावर ते लक्षात राहिलं, तर नाव पक्कं.

आधी कानानं तपासा

नाव आवडलं म्हणून ते रिकामं आहे असं होत नाही. तपासताना आपण बहुधा डोळ्यांनी तपासतो. अगदी हेच अक्षर कुठं दिसतं का, एवढं बघतो. कायदा मात्र गिऱ्हाइकाच्या कानानं आणि आठवणीनं तपासतो.

याबद्दल एक जुना आणि फार महत्त्वाचा निकाल आहे. "अमृतधारा" नावाचं डोकेदुखी, पोटदुखीवरचं औषध बाजारात होतं. पुढं तशाच उपयोगाचं "लक्ष्मणधारा" नावाचं औषध आलं. लक्ष्मणधारावाल्यांचं म्हणणं असं, की अमृत वेगळं आणि लक्ष्मण वेगळा, मग गोंधळ कसला? १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की औषध घेणारा साधा माणूस शब्द फोडून त्याचा अर्थ लावत बसत नाही. त्याला पूर्वी ऐकलेलं नाव अर्धवट आठवत असतं आणि पूर्ण शब्दाचा जो ठसा मनावर असतो, त्यावर तो जातो. म्हणून ही दोन नावं फसगत करण्याइतकी सारखी आहेत, असं न्यायालयानं मानलं.

तेव्हा तुमचं नाव तपासताना दुकानात "ते अमुक मसाल्याचं पाकीट द्या" असं म्हणणारं पोर डोळ्यांपुढं आणा. आईनं सांगितलेलं नाव त्याला नीट आठवत नाही. ते गडबडीत काय म्हणेल, आणि दुकानदार त्याच्या हातात काय देईल? इथं गोंधळ होत असेल, तर स्पेलिंग बदलून किंवा मागं "श्री" आणि पुढं "स्पेशल" लावून तो सुटत नाही.

मग तपास कसा करायचा? पहिली फेरी बाजाराची. तुमच्या भागातली मोठी किराणा दुकानं, मॉल, उमेदची प्रदर्शनं, यांत त्या मालाची जी नावं दिसतात ती वहीत लिहून घ्या. मग मोबाईलवर ते नाव मराठीत आणि इंग्रजी अक्षरांत शोधा. ऑनलाइन विक्रीच्या ठिकाणी आणि इन्स्टाग्राम, फेसबुकवरही बघा. बरेच घरगुती उद्योग नोंदणी न करता तिथंच धंदा करत असतात, आणि त्यांचा वापर तुमच्या आधीचा असेल तर तो मोजला जातो.

दुसरी फेरी सरकारी नोंदवहीची. ट्रेडमार्क कार्यालयाची नोंदवही कुणालाही फुकट बघता येते. ipindia.gov.in या संकेतस्थळावर ट्रेडमार्कच्या भागात Public Search म्हणून जागा आहे. तिथं Wordmark हा पर्याय घेतला, की नाव आणि मालाचा वर्ग विचारतात. हा वर्ग काय, ते आधी समजून घेऊ. जगातला सगळा माल आणि सगळ्या सेवा ४५ वर्गांत वाटलेल्या आहेत. मसाले, पीठ, शेवया, चटण्या वर्ग ३० मध्ये येतात. लोणची आणि दुधाचे पदार्थ वर्ग २९ मध्ये येतात. साबण आणि सौंदर्यप्रसाधनं ३ मध्ये, तयार कपडे २५ मध्ये, खानावळ ४३ मध्ये. आपल्या गटाला मसाला आणि चटणीसाठी ३०, तर लोणच्यासाठी २९, असे दोन वर्ग बघावे लागतील.

शोधताना एकदाच नाव टाकून थांबू नका. ही नोंदवही इंग्रजी अक्षरांत शोधायची असते आणि मराठी शब्द इंग्रजीत प्रत्येक जण वेगळा लिहितो. म्हणून dahachuli, daha chuli, dahachooli, dahachulee असं सगळं टाकून बघा. पर्याय निवडताना Contains घेतलं, तर तो शब्द कुठंही आलेला असला तरी दिसतो. त्यामुळे नुसतं chuli आणि नुसतं chul टाकूनही बघा. मग Wordmark ऐवजी Phonetic घ्या. त्यात उच्चाराला जवळची नावं येतात, म्हणजे कानाची तपासणी यंत्राकडून होते. शेवटी हिंदी रूपही बघा, कारण दहा चुली हिंदीत "दस चूल्हे" होतात. अर्थ तोच राहिला, तर तीही अडचण ठरू शकते.

आलेली यादी कशी वाचायची? प्रत्येक नावापुढं त्याची स्थिती लिहिलेली असते. Registered म्हणजे नोंदणी झालेली आहे. Objected म्हणजे कार्यालयानं हरकत घेतली आहे, Opposed म्हणजे दुसऱ्या कुणी विरोध केला आहे. या दोन्हींचा निकाल लागलेला नसतो, म्हणून त्या नावांनाही जिवंतच समजा. Abandoned म्हणजे अर्ज सोडून दिलेला, Refused म्हणजे नाकारलेला.

आता समजा, आपल्या गटाला वर्ग ३० मध्ये "चूल" असलेली बरीच नावं दिसली, कुणाचं चुलीवरचं काही, कुणाचं काही. त्यानं घाबरून जायचं कारण नाही. एकच शब्द अनेकांच्या नावात असेल तर त्या शब्दावर कुणा एकाची पकड राहत नाही. पूर्ण नावाचा ठसा वेगळा पडतो का, हे बघायचं. पण समजा, त्याच वर्गात मसाल्यासाठीच "दहा चुल्हा" नावाची नोंदणी सापडली, तर मात्र तिथंच थांबा आणि दुसरं नाव शोधा. ते नाव Abandoned दिसलं, तरी लगेच हुरळून जाऊ नका. अर्ज सोडला म्हणजे धंदा सोडला असं नव्हे. त्या नावाचा माल बाजारात चालू आहे का, ते पहिल्या फेरीच्या वहीत बघा.

एवढं होईपर्यंत छापील पाकिटं करू नका. साध्या पाकिटावर लेबल चिकटवून माल विका. नाव बदलावं लागलं तर लेबलं थोडीच वाया जातात.

आधी कुणी वापरलं?

नोंदणी झाली की ती दगडावरची रेघ, असंही नाही. तमिळनाडूत तिरुनेलवेली गाव हलव्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथं "इरुट्टुकडै हलवा" नावाचं जुनं दुकान आहे. तमिळमध्ये इरुट्टु म्हणजे अंधार आणि कडै म्हणजे दुकान. मंद दिव्यात संध्याकाळी चालणारं दुकान, म्हणून लोकांनी ते नाव पाडलं. पुढं दुसऱ्या एकानं त्यामागं गावाचं नाव लावून "तिरुनेलवेली इरुट्टुकडै हलवा" असं नाव घेतलं आणि त्याची ट्रेडमार्क नोंदणीही मिळवली. जुन्या दुकानाच्या मालकीणबाई न्यायालयात गेल्या. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. ज्यानं नाव आधी वापरलं आणि ज्याच्या नावानं गिऱ्हाईक येतं, त्याचा हक्क नंतरच्या नोंदणीपेक्षा वरचढ, असं त्यात म्हटलं आहे.

याचे आपल्यासाठी दोन अर्थ होतात. तुम्ही दहा वर्षांपासून एका नावानं विकत असाल आणि नंतर कुणी त्याच नावाची नोंदणी केली, तर सगळं संपलं असं समजू नका. उलट, तुमची नोंदणी झाली तरी तुमच्या आधीपासून वापरणाऱ्याला तुम्ही थांबवू शकणार नाही. दोन्हीकडं प्रश्न एकच विचारला जातो: पुरावा काय? तोंडी सांगून भागत नाही. म्हणून नावाचं पहिलं बिल, लेबल छापल्याची पावती, प्रदर्शनातल्या स्टॉलचा तारीख असलेला फोटो, वर्तमानपत्रातलं कात्रण, व्हॉट्सॲपवरच्या पहिल्या ऑर्डरी, हे सगळं एका फाईलमध्ये जपा. बिलावर गटाच्या नावाबरोबर मालाचं नावही लिहा. "मसाला २ किलो" असं लिहिलेलं बिल नावाचा पुरावा होत नाही, "दहाचुली मसाला २ किलो" असं लिहिलेलं होतं.

मग नोंदणी कशाला, असं तुम्ही विचाराल. नोंदणीशिवाय भांडायचं, तर आपलं नाव किती आणि कुठं ओळखीचं आहे ते प्रत्येक वेळी सिद्ध करावं लागतं. कराडमध्ये ओळखीचं असलेलं नाव नागपुरात कुणी लावलं, तर ते फार जड जातं. नोंदणीचा हक्क मात्र देशभर चालतो आणि प्रमाणपत्र हाच पहिला पुरावा असतो.

अर्ज कुणाच्या नावानं?

अर्जाची वाट तशी सरळ आहे, पण एका जागी गट फसतात. अर्ज कुणाच्या नावानं करायचा? घाईत अध्यक्षबाईंच्या नावानं होतो, कारण त्यांचं आधार कार्ड आणि बँक पासबुक हाताशी असतं. पण ज्याच्या नावानं नोंदणी, तो नावाचा मालक. उद्या त्या गटातून बाहेर पडल्या, किंवा त्यांच्या पश्चात वारसांनी हक्क सांगितला, तर नऊ जणींना आपल्याच नावानं मसाला विकायला परवानगी मागावी लागेल. यात कुणाच्या मनात वाईट असावं लागतं असं नाही, कागदच तसा बनलेला असतो. म्हणून अर्ज सगळ्यांच्या नावानं संयुक्त करा. गटाची सहकारी संस्था, भागीदारी किंवा उत्पादक कंपनी झाली असेल, तर तिच्या नावानं करा. गटाच्या इतिवृत्तात तसा ठराव लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी ४५०० रुपये आहे. लहान उद्योगाची सवलत घ्यायला उद्यम प्रमाणपत्र लागतं. मोठ्या कंपन्यांना तीच फी ९००० रुपये पडते. आपल्या गटाला ३० आणि २९ हे दोन्ही वर्ग हवे असतील, तर ९००० रुपये होतील. एवढे नसतील तर जास्त विक्री ज्याची, त्या वर्गाचा अर्ज आधी करा. वकिलाची किंवा ट्रेडमार्क एजंटची फी वेगळी. ती आधी लिहून घ्या आणि सरकारी फीची पावती तुमच्याकडं मागून घ्या. नुसत्या शब्दाची नोंदणी करता येते, तशी चित्रासह असलेल्या चिन्हाचीही येते. पैसे एकाच अर्जापुरते असतील तर शब्दाचा करा. चित्र उद्या बदलेल, पण शब्द तोच राहील.

अर्जात आणखी एक रकाना असतो: नाव कधीपासून वापरता? अजून वापर सुरू नसेल तर पुढं वापरणार असं लिहायचं. आधीपासून वापरत असाल तर तारीख द्यायची, आणि तिच्यासाठी प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडायचे. मघाची फाईल इथं उपयोगी पडते. तारीख अंदाजानं मागं ढकलू नका. पुढं वाद झाला तर तीच खोटी तारीख तुमच्यावर उलटते.

अर्ज गेल्यावर कार्यालय तो तपासतं. हरकत असेल तर तपासणीचा अहवाल येतो आणि तो मिळाल्यापासून एका महिन्यात उत्तर द्यायचं असतं. उत्तर गेलं नाही, तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. बरेच अर्ज नाव वाईट म्हणून नव्हे, तर ई-मेल कुणी उघडला नाही म्हणून मरतात. म्हणून अर्जावरचा ई-मेल गटात रोज बघितला जाईल असाच द्या. मान्य झालेलं नाव दर सोमवारी निघणाऱ्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होतं. तिथून चार महिन्यांत कुणीही विरोध करू शकतं. विरोध आला नाही तर प्रमाणपत्र मिळतं. ते अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं चालतं आणि पुढं दर दहा वर्षांनी नव्यानं करता येतं.

अर्ज केला असेल किंवा नसेल, नावाशेजारी ™ ही खूण तुम्ही लावू शकता. हे नाव आम्ही आमचं मानतो, एवढंच ती सांगते. गोलातला आर, म्हणजे ® ही खूण मात्र प्रमाणपत्र हातात आल्यावरच लावायची. आधी लावणं बेकायदेशीर आहे. पाकीट छापणारा सवयीनं ती घालून देतो, म्हणून नमुना तपासताना तिकडं लक्ष द्या.

नोटीस आली तर, आणि द्यायची असेल तर

नोंदणीनंतर नाव आपोआप राखलं जात नाही. ते आपल्यालाच राखावं लागतं. मघाच्या अमृतधाराच्या निकालाचा दुसरा भाग इथं सांगतो. नावं सारखी आहेत असं मानूनही न्यायालयानं लक्ष्मणधाराला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळू दिली, कारण ते औषध विकलं जातंय हे माहीत असूनही अमृतधारावाले वर्षानुवर्षं गप्प बसले होते. आजच्या कायद्यातही आहे, की दुसऱ्यानं नोंदवलेलं नाव माहीत असूनही सलग पाच वर्षं चालू दिलं, तर मग त्याला थांबवण्याचा हक्क जातो. त्यानं ते नाव वाईट हेतूनं नोंदवलं असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा कुणी नक्कल करताना दिसलं, तर त्याचं पाकीट बिलासकट विकत घ्या, फोटो काढा आणि आधी साध्या पत्रानं कळवा.

उलट तुम्हालाच नोटीस आली, तर ती कपाटात ठेवू नका आणि घाबरून लगेच सहीही करू नका. तीन गोष्टी बघा. समोरच्याचा माल कुठला, त्याची नोंदणी कुठल्या वर्गात आहे, आणि त्याचा वापर आधीचा की तुमचा? मग उत्तरासाठी वकील हवा. पैशाची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला तिचं उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मागता येते. त्याचा वापर आधीचा निघाला, तर महिनाभराची मुदत मागून नाव बदलणं शहाणपणाचं. लेबलवर विकत असाल तर ते जमण्यासारखं असतं.

आपल्या गटानं काय करायचं, ते आता एका दमात सांगता येईल. तीन नावं बाजूला ठेवली. "दहाचुली" बाजारात आणि नोंदवहीत दोन्ही वर्गांत कानानं तपासलं. ठराव करून दहा जणींच्या नावानं वर्ग ३० चा अर्ज केला. तोवर लेबल लावून विक्री चालू ठेवली आणि प्रत्येक बिलावर नाव लिहिलं. सिलिंडरची ऑर्डर जर्नलमधले चार महिने गेल्यावर दिली.

तुमच्या गटाचं नाव ठरायचं असेल, तर येत्या बैठकीत चार-पाच नावं फळ्यावर लिहा आणि एकेक चाळणीतून गाळा. काही अडलं तर केंद्रावर चिठ्ठी पाठवा किंवा प्रत्यक्ष या, नोंदवहीत कसं शोधायचं ते आपण मिळून मोबाईलवर बघू.